गुडघ्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर: रजेचा अर्ज आणि टप्प्याटप्प्याने कामावर रुजू होण्याची विनंती

गुडघ्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं की बहुतेक जण एकच अर्ज लिहितात: ‘माझे ऑपरेशन असल्याने तीन आठवडे रजा मिळावी.’ ती रजा सहसा मिळतेही. अडचण चौथ्या आठवड्यात सुरू होते. गुडघ्यावरची दोन-तीन लहान छिद्रं तोवर भरलेली असतात, टाके निघालेले असतात, माणूस चालत गेटमधून आत येतो आणि पहिल्याच दिवशी त्याला आठ तास लाइनवर उभं केलं जातं. संध्याकाळी गुडघा सुजतो. बाहेरून जखम भरली तरी आतली सूज आणि मांडीच्या स्नायूचा अशक्तपणा आणखी काही आठवडे राहतो, हे कागदावर कुठेच आलेलं नसतं. म्हणून अर्ज दोन करावेत: एक रजेचा, दुसरा मर्यादित कामाचा. आणि हे दोन्ही अर्ज ज्या तारखेला जुळतात, त्या तारखेकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावं.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे. चाकणजवळच्या सुट्या भागांच्या कारखान्यातला लाइन ऑपरेटर, काम पूर्ण शिफ्ट उभ्याने, ईएसआयचा विमा आहे, उजव्या गुडघ्यातली गादी फाटली आहे आणि फाटलेला तुकडा दुर्बिणीतून कापून काढायचा आहे. ऑपरेशन सोमवार, ६ जुलैला. तारखा आणि आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमचे आकडे तुमचे सर्जन ठरवतील.

ऑपरेशनचं नेमकं नाव आधी विचारा

‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ एवढं लिहून भागत नाही. दुर्बीण ही आत शिरायची पद्धत झाली. आत जाऊन काय केलं, यावर रजा ठरते, आणि इथला फरक फार मोठा आहे.

गादीचा फाटलेला भाग नुसता कापून काढला, तर बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पायावर भार देऊन चालू देतात, काही दिवस हातात कुबडी किंवा काठी असते. बैठं काम साधारण एक-दोन आठवड्यांत जमतं, उभ्याचं काम तीन-चार आठवड्यांत, जड उचलायचं काम सहा आठवड्यांच्या आसपास. तीच गादी कापून न टाकता टाके घालून शिवली, तर ती जुळून येईपर्यंत तिला जपावं लागतं. चार ते सहा आठवडे पट्टा आणि कुबड्या, गुडघा काटकोनापलीकडे वाकवायचा नाही आणि उकिडवं बसणं कित्येक महिने बंद. लिगामेंट नवं बसवलं असेल, तर बैठ्या कामाला दोन-चार आठवडे लागतात, पण शिडी, जड ओझं आणि निसरड्या जमिनीवरच्या कामाला तीन ते सहा महिने धरावे लागतात.

गोम अशी की गादी कापायची की शिवायची, हे पुष्कळदा दुर्बीण आत गेल्यावरच नक्की होतं. एमआरआयवरून अंदाज येतो, खात्री येत नाही. म्हणून ऑपरेशनआधी सर्जनला थेट विचारा, ‘आत गेल्यावर गादी शिवायची ठरली तर किती दिवस?’ दोन्ही उत्तरं लिहून घ्या. पहिल्या अर्जात कमी दिवसांची रजा मागायची आणि ती वाढण्याची शक्यता त्याच अर्जात सांगून ठेवायची. नंतर अचानक दोन महिने वाढवून मागितले की एचआरला ती टाळाटाळ वाटते. आधी सांगितलेलं असेल तर तसं वाटत नाही.

आपलं काम सर्जनला कागदावर दाखवा

सर्जनला तुमचा गुडघा ठाऊक असतो, तुमचं काम ठाऊक नसतं. ‘कंपनीत आहे’ म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर खुर्ची-टेबल येऊ शकतं. त्यासाठी अर्ध्या पानावर कामाचं वर्णन लिहून न्या, विशेषणं टाळून. आपल्या उदाहरणात ते असं होईल: शिफ्ट आठ तास, त्यातले सात तास उभ्याने. दर काही मिनिटांनी सुमारे आठ किलोचा भाग कन्व्हेयरवरून उचलून फिक्स्चरवर ठेवणं. तासातून दोन-तीनदा खाली वाकून बिन ओढणं. लाइनपर्यंत जायला लोखंडी जिना. सेफ्टी शूज सक्तीचे. कंपनीची बस, पायऱ्या उंच. रात्रपाळी आठवडा बदलून. टॉयलेट भारतीय पद्धतीचं.

शेवटची ओळ लिहायला संकोच वाटतो, पण ती लिहावीच. पूर्ण खाली बसताना गुडघा जितका वाकतो तितका लाइनवरच्या कामात एकदाही वाकत नाही. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ते जमत नाही आणि करूही नये. ऑफिसच्या इमारतीत कमोड असेल तर तो वापरायची परवानगी ही दुसऱ्या अर्जातली एक साधी, बिनखर्चाची मागणी होते.

हाच अर्धा कागद पुढे फिटनेसच्या दिवशी पुन्हा सर्जनच्या टेबलावर ठेवायचा आहे. जपून ठेवा.

रजेचे पैसे कुठून येणार, हे अर्जाआधी ठरवा

ईएसआयचा विमा असलेल्यांना, म्हणजे महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना, आजारपणाचा लाभ सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के मिळतो, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. अट अशी की संबंधित सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी. १ जुलै ते ३१ डिसेंबर या काळातल्या आजारपणासाठी आधीच्या ऑक्टोबर ते मार्चची वर्गणी पाहतात, आणि १ जानेवारी ते ३० जूनसाठी त्याआधीच्या एप्रिल ते सप्टेंबरची. नोकरी नवी असेल किंवा मध्ये खंड पडला असेल, तर ऑपरेशनची तारीख नक्की करण्याआधी हे तपासा. ऑपरेशन थांबण्यासारखं असेल तर तारीख थोडी पुढे गेल्याने लाभ मिळू शकतो.

आजारपणाचे पहिले दोन दिवस लाभ मिळत नाही. आपल्या उदाहरणात सरासरी रोजचं वेतन ६०० रुपये धरू. रजा ६ ते २६ जुलै, एकूण २१ दिवस. त्यातले दोन वजा जाता १९ दिवसांचे रोज ४२० रुपयांप्रमाणे ७,९८० रुपये होतात. ६ आणि ७ जुलैला स्वतःच्या दोन सीएल टाकल्या की ते दिवसही बिनपगारी जात नाहीत. ही गोष्ट अर्जात लिहावी लागते, टाइम ऑफिस आपणहून करत नाही.

इथे दोन सावधगिऱ्या आहेत. पहिली, लाभासाठी ईएसआयच्या दवाखान्यातल्या डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. खासगी हॉस्पिटलमध्ये परस्पर ऑपरेशन करून तिथलं सर्टिफिकेट कंपनीत दिलं, तर कंपनी रजा देईल, पण ईएसआयचे पैसे अडकू शकतात. सुरुवात दवाखान्यातून करा, तिथून पुढे संदर्भचिठ्ठी घ्या. दुसरी, दुखापत कामावर झाली असेल तर हे साधं आजारपण नाही. तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ ९० टक्के दराने मिळतो आणि त्याला वर्गणीच्या दिवसांची अट नसते. त्यासाठी कंपनीच्या अपघात नोंदवहीत नोंद आणि कंपनीने ईएसआयला पाठवलेला अपघात अहवाल लागतो. कामावर जाता-येता झालेला अपघातही यात बसू शकतो. लाइनवर पाय मुरगळून गादी फाटली असेल आणि अर्जात तुम्ही ‘जुना गुडघेदुखीचा त्रास’ असं लिहिलंत, तर पुढे आपल्याच हस्ताक्षरातला कागद आपल्या विरोधात जातो. जे घडलं तेच लिहा.

ईएसआय नसलेल्यांनी आपल्या सिक लीव्ह आणि पीएल मोजाव्यात. मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल भरतो, पगार भरत नाही. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांनी वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित रजा मागावी. ती पूर्ण पगाराची असते, पण खात्यातून अर्धवेतनी रजा दुप्पट वजा होते. अर्जित रजा त्यामुळे शिल्लक राहते, आणि पुढच्या टप्प्यात तीच कामी येते.

पहिला अर्ज

ऑपरेशनच्या किमान आठ-दहा दिवस आधी द्या. सुपरवायझरला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवणं चांगलंच, पण तो अर्ज नव्हे. छापील अर्जाच्या दोन प्रती काढा, एकीवर सही-शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. ईमेल असेल तर एचआर आणि सुपरवायझर दोघांना एकाच मेलमध्ये पाठवा.

> दिनांक: २६ जून
>
> प्रति,
> व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग
> (सुपरवायझर यांच्यामार्फत)
>
> विषय: उजव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ६ जुलै ते २६ जुलै रजा मिळणेबाबत.
>
> महोदय/महोदया,
>
> मी असेंब्ली विभागात ऑपरेटर म्हणून काम करतो (टोकन क्र. ……, ईएसआय विमा क्र. ……). माझ्या उजव्या गुडघ्यातील गादी फाटली असून सोमवार, ६ जुलै रोजी दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया ठरली आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याचा कागद सोबत जोडला आहे.
>
> कृपया ६ व ७ जुलै रोजी नैमित्तिक रजा (२ दिवस) आणि ८ ते २६ जुलै (१९ दिवस) ईएसआय आजारपण रजा मंजूर करावी. शस्त्रक्रियेच्या वेळी गादीला टाके घालावे लागल्यास विश्रांतीचा काळ वाढेल, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. तसे झाल्यास ९ जुलैपर्यंत डॉक्टरांच्या कागदासह कळवीन.
>
> शुक्रवार, २४ जुलै रोजी माझी फेरतपासणी आहे. त्या दिवशी मिळणाऱ्या सल्ल्यानुसार सोमवार, २७ जुलैपासून काही दिवस मर्यादित स्वरूपाच्या कामावर रुजू होण्याबाबत स्वतंत्र अर्ज सादर करीन.
>
> रजेच्या काळात संपर्क: ……
>
> आपला विश्वासू,
> (सही, नाव, विभाग)

या अर्जातलं खरं काम शेवटून दुसऱ्या परिच्छेदात होतं. मर्यादित कामाची गोष्ट एक महिना आधी कानावर घातली की सुपरवायझरला माणसांची जुळवाजुळव करायला वेळ मिळतो. २७ जुलैला सकाळी गेटवर पहिल्यांदा हे सांगितलं, तर नाइलाजाने ‘पूर्ण बरे झाल्यावर या’ हेच उत्तर येतं, कारण त्या दिवसाचं लाइनचं नियोजन आदल्या दिवशीच झालेलं असतं.

एमआरआयची फिल्म, औषधांची यादी, हॉस्पिटलचं बिल यांपैकी काही पहिल्या अर्जाला जोडायची गरज नसते. डॉक्टरांच्या सल्ल्याचा एक कागद पुरतो. डिस्चार्ज कार्ड मिळालं की त्याची झेरॉक्स द्या, मूळ प्रत स्वतःकडेच ठेवा.

रजेच्या काळात: तारखांमध्ये भोक पडू देऊ नका

ईएसआयचा डॉक्टर सहसा एकदम तीन आठवड्यांचं प्रमाणपत्र देत नाही. आधी पहिलं, मग काही दिवसांनी मधलं, आणि शेवटी कामावर जायला हरकत नाही असं अंतिम. सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. पहिलं प्रमाणपत्र रविवार १२ जुलैपर्यंतचं असलं आणि पुढचं मंगळवार १४ पासून मिळालं, तर १३ जुलै हा दिवस कुठेच नाही. त्याचा लाभ बुडतो आणि कंपनीच्या मस्टरवर तो दिवस गैरहजेरीचा दिसतो. प्रत्येक प्रमाणपत्र हातात पडताच खिडकीवरून हलण्याआधी दोन गोष्टी पाहा: आधीच्याच्या शेवटच्या दिवसाला नव्याचा पहिला दिवस लागून आहे का, आणि डावा-उजवा गुडघा सगळ्या कागदांवर एकच आहे का. डावा-उजवा चुकल्याने अडकलेले दावे दुरुस्त करायला डॉक्टरची सही पुन्हा लागते, आणि तेव्हा चालत जाणंच अवघड असतं.

प्रत्येक प्रमाणपत्राचा फोटो त्याच दिवशी एचआरला पाठवा.

प्रमाणपत्रातल्या दिवशी कामावर जाऊ नका, ‘तासभर येऊन जा’ असं कुणी म्हटलं तरी नको. ज्या दिवसाचा आजारपणाचा लाभ घेतला त्या दिवशी पंचिंग सापडलं, तर तो लाभ परत करावा लागतो आणि नसती चौकशी मागे लागते.

फिटनेसचा कागद: दोन शब्दांनी सगळं बिघडतं

२४ जुलैला फेरतपासणीला जाताना कामाच्या वर्णनाचा तो अर्धा कागद घेऊन जा. डॉक्टरकडे वेळ कमी असतो, आणि सवयीने लिहिलं जातं ‘फिट फॉर ड्यूटी’. हे दोन-तीन शब्द कागदावर आले की मर्यादा संपल्या. त्यानंतर तुम्ही काहीही म्हणालात तरी कंपनीच्या दृष्टीने तुम्ही पूर्ण तंदुरुस्त आहात.

‘लाइट ड्यूटी’ हाही तितकाच निरुपयोगी शब्द आहे. सुपरवायझरच्या मते आठ किलोऐवजी पाच किलो उचलणं लाइट असतं, तुमच्या मते बसून काम करणं. डॉक्टरच्या मनात तिसरंच काही असतं. म्हणून मर्यादा मोजता येतील अशा लिहून घ्या: सलग किती मिनिटं उभं राहायचं, दिवसात एकूण किती तास, किती किलो उचलायचं, जिना दिवसातून किती वेळा, खाली बसायचं की नाही, रात्रपाळी आणि ओटी चालेल की नाही. आणि प्रत्येक मर्यादा कुठल्या तारखेपर्यंत. शेवटची तारीख नसलेली मर्यादा कंपनीला घाबरवते. तिला वाटतं हा माणूस कायमचा खुर्चीवर बसणार.

ईएसआयमध्ये इथे एक बारकावा आहे. अंतिम प्रमाणपत्र फक्त कामावर जायला योग्य की नाही एवढंच सांगतं. अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस आजारपण अशी सोय त्यात नाही. म्हणून कागद दोन लागतात. दवाखान्याचं अंतिम प्रमाणपत्र, ज्यावर २७ जुलैपासून रुजू असं असेल, आणि सर्जनची स्वतंत्र चिठ्ठी, त्याच तपासणीच्या तारखेची, जिच्यात मर्यादा असतील. चिठ्ठीची पहिली ओळ अशी मागून घ्या: ‘२७ जुलैपासून खालील मर्यादांसह कामावर रुजू होण्यास योग्य.’ ‘मर्यादांसह’ हा शब्द दोन्ही कागदांना जोडतो. चिठ्ठीवर नंतरची तारीख पडली, तर एचआर सरळ विचारते की २७ला तंदुरुस्त होता, मग २९ला मर्यादा कुठून आल्या?

दुसरा अर्ज

खासगी नोकरीत, तात्पुरत्या दुखण्यासाठी हलकं काम द्यायलाच हवं असा सरसकट हक्क नाही. कामावर झालेली दुखापत असेल, युनियनच्या करारात कलम असेल किंवा कंपनीच्या धोरणात लिहिलेलं असेल तर गोष्ट वेगळी. त्यामुळे हा अर्ज मान्य करणं कंपनीला सोपं जावं अशा पद्धतीने लिहायचा. वाचणाऱ्याच्या मनात चार प्रश्न असतात: कुठे बसवू, किती दिवस, पगार कसा लावू, आणि काही झालं तर जबाबदारी कोणाची. अर्जाने चारही उत्तरं द्यावीत.

पगाराचं उत्तर आधी समजून घ्या. ज्या दिवशी तुम्ही अर्धा दिवस काम करता त्या दिवशी ईएसआयचा लाभ मिळत नाही. उरलेल्या अर्ध्या दिवसाचं काय, हे ठरवलं नाही तर तो बिनपगारी जातो. सहा दिवस अर्धी शिफ्ट म्हणजे सहा अर्धे दिवस, म्हणजे तीन पीएल. कंपनी अर्ध्या दिवसाची पीएल देते का, हे टाइम ऑफिसला आधी विचारा. देत नसेल, तर अर्ध्या शिफ्टच्या मागे न लागता एक दिवस पूर्ण शिफ्ट बैठं काम आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण पीएल असा आठवडा मागा. गुडघ्याला विश्रांती तेवढीच मिळते आणि मस्टरमध्ये तो सरळ बसतो.

> दिनांक: २५ जुलै
>
> विषय: २७ जुलै ते १४ ऑगस्ट मर्यादित स्वरूपाचे काम मिळणेबाबत.
>
> संदर्भ: माझा २६ जूनचा रजेचा अर्ज.
>
> महोदय/महोदया,
>
> ६ जुलै रोजी माझ्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. २४ जुलैच्या तपासणीनंतर डॉक्टरांनी २७ जुलैपासून मर्यादांसह कामावर रुजू होण्यास परवानगी दिली आहे. अंतिम प्रमाणपत्र व सर्जनची चिठ्ठी सोबत जोडली आहे. त्यानुसार पुढीलप्रमाणे काम द्यावे, ही विनंती.
>
> पहिला टप्पा, २७ जुलै ते १ ऑगस्ट: पहिल्या पाळीत ४ तास, बसून. उरलेल्या अर्ध्या दिवसांसाठी एकूण ३ पीएल वापराव्यात.
>
> दुसरा टप्पा, ३ ते ८ ऑगस्ट: पूर्ण शिफ्ट, मुख्यतः बसून. उभे राहणे सलग २० मिनिटांपर्यंत, दिवसात एकूण २ तास. उचलणे ३ किलोपर्यंत.
>
> तिसरा टप्पा, १० ते १४ ऑगस्ट: पूर्ण शिफ्ट, एकूण ४ तास उभ्याने, उरलेले बसून. उचलणे ५ किलोपर्यंत.
>
> सोमवार, १७ ऑगस्टपासून: डॉक्टरांच्या तपासणीनंतर नेहमीचे काम. मात्र खाली वाकून बिन ओढणे आणि १० किलोपेक्षा जास्त वजन उचलणे ३१ ऑगस्टपर्यंत टाळावे, असा सल्ला आहे.
>
> वरील संपूर्ण काळात रात्रपाळी व ओटी देऊ नये, तसेच ऑफिस इमारतीतील कमोडचे स्वच्छतागृह वापरण्याची परवानगी द्यावी.
>
> बसून करण्याजोगे काम म्हणून तयार भागांची नजरेने तपासणी, टॅग लावणे किंवा रिजेक्शनच्या नोंदी ठेवणे ही कामे मी करू शकतो. याबाबत सुपरवायझर यांच्याशी बोललो आहे.
>
> गुडघ्याला सूज आल्यास किंवा काम झेपत नसल्यास त्याच दिवशी सुपरवायझर व फर्स्ट एड रूममध्ये कळवीन.
>
> आपला विश्वासू,

‘याबाबत बोललो आहे’ हे वाक्य खरं असेल तरच लिहा. रजेच्या तिसऱ्या आठवड्यात सुपरवायझरला फोन करून कुठलं बैठं काम रिकामं आहे हे विचारून घेणं, हाच या सगळ्यातला सर्वांत परिणामकारक भाग आहे. एचआर मंजुरी देते, पण खुर्ची सुपरवायझरकडे असते. आणि मंजुरी तोंडी मिळाली तर संध्याकाळी एक छोटा मेल टाका: ‘आज झालेल्या बोलण्यानुसार २७ तारखेपासून इन्स्पेक्शन टेबलवर चार तास काम करणार आहे.’ सुपरवायझर बदलला, पाळी बदलली, तर हा मेल कामी येतो.

कुबडी सुटलेली नसेल तर शॉप फ्लोअरवरचं काम मागूच नका. जमिनीवर तेल आणि फोर्कलिफ्टची ये-जा असते, सेफ्टी ऑफिसर आत सोडणार नाही, आणि त्याचं बरोबर असतं. तेव्हा स्टोअर किंवा ऑफिसातली जागा मागा, नाहीतर रजा एक आठवडा वाढवा.

रुजू झाल्यावर पहिले दिवस

जाण्यायेण्याचा विचार बरेच जण विसरतात. आपल्या उदाहरणात उजवा गुडघा आहे आणि बहुतेक मोटरसायकलींचा मागचा ब्रेक उजव्या पायात असतो. सिग्नलला गाडी एका बाजूला कलली तर अख्खा भार एका पायावर येतो. न दुखता, न अडखळता जोरात ब्रेक दाबता येईपर्यंत आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडी नको. बसच्या पायऱ्या चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी खाली.

नुसतं बसून राहणंही गुडघ्याला मानवत नाही. तासातून एकदा उठून दोन-तीन मिनिटं चाला, बसल्या जागी पाय सरळ करून मांडीचा स्नायू आवळा. टेबलाखाली पाय टेकवायला एखादा उलटा क्रेट मिळाला तर सूज कमी राहते.

काम झेपतंय की नाही हे ओळखायची एक सोपी खूण आहे. संध्याकाळी थोडी सूज आणि ठणका चालतो, बर्फाने शेकून आणि पाय उंच ठेवून तो रात्रीत उतरला पाहिजे. सकाळी गुडघा कालच्याइतकाच किंवा जास्त सुजलेला दिसला, तर कालचं काम जास्त झालं. दोन सकाळी लागोपाठ असं झालं, तर पुढच्या टप्प्यात जाऊ नका, आहे तोच टप्पा एक आठवडा लांबवायची चिठ्ठी घ्या. ताप, गुडघा लाल आणि गरम होणं, छिद्रातून पाणी येणं, गुडघा अडकणं, पोटरी दुखून सुजणं किंवा धाप लागणं यांपैकी काही झालं तर मात्र अर्जबिर्ज बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. पोटरीतल्या गाठी आणि गुडघ्यातला जंतुसंसर्ग उद्यापर्यंत थांबत नाहीत.

टप्पा मोडला किंवा कंपनीने नाही म्हटलं, तर

कंपनीने मर्यादित काम नाकारलं, तर नकार लेखी मागा, पण भांडणाच्या सुरात नको. ‘सध्या असे काम उपलब्ध नसल्यास तसे कळवावे, म्हणजे मला डॉक्टरांकडून पुढील रजेचे प्रमाणपत्र घेता येईल’ एवढं पुरतं. तो कागद घेऊन सर्जन आणि दवाखान्याच्या डॉक्टरकडे जा. नेहमीचं काम अजून करता येत नाही आणि हलकं काम उपलब्ध नाही, हे त्यांना दाखवलं की रजा वाढवायची की नाही ते ठरवू शकतात. नेहमीच्या लाइनवर ‘चालवून घेऊ’ म्हणून उभं राहू नका. गुडघा बिघडला तर तुमच्याच सहीने तुम्ही रुजू झालेले असता.

कामावर गेल्यावर काही दिवसांत पुन्हा आजारपणाचं प्रमाणपत्र घ्यावं लागलं, तर ईएसआयचा एक नियम लक्षात ठेवा. आधीचं लाभाचं आजारपण संपल्यापासून १५ दिवसांच्या आत नवं सुरू झालं, तर सुरुवातीचे दोन दिवस कापले जात नाहीत. उदाहरणातला शेवटचा लाभाचा दिवस २६ जुलै आहे. ४ ऑगस्टला गुडघा सुजून डॉक्टरने विश्रांती लिहून दिली, तर पहिल्या दिवसापासून लाभ मिळतो. दोन आठवडे सहन करून, सीएल टाकत ढकलून, मग १८ ऑगस्टला दवाखान्यात गेलात, तर दोन दिवसांचे पैसे पुन्हा बुडतात. मुदतवाढीचा अर्ज तीन ओळींचा असावा: आधीच्या अर्जाचा संदर्भ, नवी तारीख, सोबत प्रमाणपत्र. आणि बदललेल्या तारखांसह टप्प्यांचा तोच तक्ता पुन्हा जोडावा, म्हणजे एचआरला जुना कागद शोधत बसावं लागत नाही.